दोनदा गेलेला तगादा आणि दिलगिरीचे पत्र

वित्तसंस्थांकडून ग्राहकांस दिलगिरीची जी पत्रे जातात, त्यांपैकी बहुतेकांत 'काही तांत्रिक कारणास्तव' हे शब्द पहिल्या-दुसऱ्या ओळीतच भेटतात, आणि ते वाचताच, यापुढे आपणांस काही कळणार नाही अशी खात्री होऊन वाचक पत्र बाजूला ठेवतो. पतसंस्थांच्या आणि लहान बँकांच्या संगणकव्यवस्थेची देखभाल हा माझा व्यवसाय असल्यामुळे, अशी पत्रे ज्या घटनांतून निघतात त्या मला आतून पाहावयास मिळतात, आणि बिघाड शोधून झाल्यावर पत्राचा मसुदा करण्याचे कामही पुष्कळदा माझ्याकडेच येते. बिघाडाचे कारण जितके नेमके सापडले असेल तितकेच पत्र खरे उतरते, असे या दोन्ही कामांतून माझ्या मनात पक्के झाले आहे. विशेषतः यापुढे काय घडेल व काय घडणार नाही याविषयीचे पत्रातील आश्वासन लिहिणाऱ्याच्या सौजन्यावर अवलंबून नसते. यंत्रणेच्या रचनेला जेवढे पेलवेल तेवढेच ते देता येते. एका पतसंस्थेत घडलेला प्रकार मी येथे सांगणार आहे तो यासाठीच.

या पतसंस्थेच्या कर्जांचे हप्ते दर महिन्याच्या ५ तारखेस देय असत, आणि आदल्या दिवशी संध्याकाळी प्रत्येक कर्जदाराच्या भ्रमणध्वनीवर खात्याचे शेवटचे चार अंक, हप्त्याची रक्कम आणि मुदत सांगणारा एक संदेश जात असे. एका महिन्यात त्या संध्याकाळी कित्येक कर्जदारांना तोच संदेश दोनदा गेला आणि काहींना तीनदा. ज्याच्या डोक्यावर कर्ज नाही अशा माणसास ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. परंतु कर्जदाराच्या दृष्टीने तगाद्यातील प्रत्येक शब्द पैशाविषयी काही सांगत असतो, आणि पुनरुक्तीचाही तो अर्थ लावतो. काहींनी असा अर्थ लावला की, मागील महिन्याचा हप्ता जमाच झालेला नसून आता दोन हप्ते थकले आहेत. ज्यांनी पहिला संदेश वाचताच यूपीआयने रक्कम भरली आणि नंतर त्याखालचा दुसरा पाहिला, त्यांना आपले पैसे पोहोचले नाहीत असे वाटले, आणि त्यांच्यातील काहींनी तीच रक्कम पुन्हा भरली. आणखी काही सावध मंडळींनी, हा कोणा भामट्याचा उद्योग असावा असे समजून, दोन्ही संदेश पुसून टाकले आणि हप्ताही भरला नाही. त्यांच्यावर पुढे विलंबशुल्क चढले. एकाच दोषाने अशी तीन निरनिराळी नुकसाने केली होती, हे ध्यानात न घेता लिहिलेले पत्र तिघांपैकी कोणाच्याच उपयोगी पडले नसते.

मला बोलावणे आले तेव्हा संस्थेच्या दप्तरात दोषाचा मागमूसही नव्हता. प्रत्येक हप्त्यापुढे 'स्मरण पाठवले' अशी एकच नोंद आणि एकच वेळ होती. याचे कारण नोंदीच्या पद्धतीतच होते. हप्त्यागणिक एकच ओळ राखलेली असल्यामुळे दुसऱ्या वेळी संदेश निघाला की जुन्या वेळेवर नवी वेळ लिहिली जाई, आणि पहिल्या वेळेचा पुरावा नाहीसा होई. अशा प्रसंगी आपल्या दप्तरावर विसंबू नये. जो पक्ष संदेशागणिक पैसे आकारतो, त्याची वही मागवावी. संदेश वाहून नेणाऱ्या कंपनीने तिच्याकडे आलेल्या प्रत्येक संदेशाची यादी वेळेसह पाठवली, आणि तीत ज्यांना दोनदा संदेश गेला त्यांच्या दोन ओळी व तीनदा गेला त्यांच्या तीन ओळी स्वच्छ दिसल्या.

त्या यादीत दोन गोष्टी मला विशेष वाटल्या. पहिली ही की, कोणत्याही कर्जदाराच्या लागोपाठच्या दोन संदेशांतील अंतर सर्वत्र तीस सेकंदांच्या आसपास होते. माणसाच्या हातून चूक होऊन यादी दोनदा सोडली गेली असती, तर हे अंतर इतके एकसारखे राहिले नसते. इतकी नियमितता कोठेतरी बसवलेल्या घड्याळाचीच असू शकते. दुसरी गोष्ट अशी की, लहान शाखांतील एकाही कर्जदारास जास्तीचा संदेश गेला नव्हता, आणि मोठ्या शाखांतील जवळजवळ सर्वांस गेला होता. म्हणजे यादीची लांबी आणि तीस सेकंदांची कोणतीतरी मुदत या दोहोंच्या संबंधात दोषाचे मूळ असले पाहिजे, हे यंत्रणा उघडून पाहण्यापूर्वीच उघड झाले.

यंत्रणा अशी होती. संध्याकाळी प्रत्येक शाखेच्या कर्जदारांची यादी तयार होऊन एकेका कामाच्या रूपाने एका रांगेत ठेवली जाई, आणि पाठवणीचे काम करणारे अनेक कार्यक्रम त्या रांगेतून एकेक काम उचलून त्यातील नावांना क्रमाने संदेश पाठवीत. येथे एक प्रश्न पूर्वीच सोडवून ठेवावा लागतो. काम उचललेला कार्यक्रम मध्येच बंद पडला, तर त्याच्या हातातील कामाचे काय व्हावे? म्हणून अशा रांगा उचललेले काम तत्काळ खोडून टाकीत नाहीत. ते काही मुदतीपुरते इतरांच्या दृष्टीआड केले जाते. त्या अवधीत 'काम पूर्ण' अशी वर्दी आली तर ते कायमचे खोडले जाते, आणि न आली तर उचलणारा गारद झाला असे समजून ते दुसऱ्याच्या हाती दिले जाते. ही मुदत ठरवून दिली नाही, तर ॲमेझॉनच्या एसक्यूएस या प्रसिद्ध सेवेत ती ३० सेकंदांची असते, आणि एखादे काम एकाहून अधिक वेळा हाती येऊ शकेल असे त्या सेवेच्या माहितीपत्रात स्पष्ट लिहिलेले आहे. म्हणजे हा रांगेचा दोष नव्हे. काम हरवू नये म्हणून ते पुन्हा देण्याचा धोका तिने जाणूनबुजून पत्करलेला असतो, आणि त्या धोक्याचा बंदोबस्त वापरणाऱ्याने करावयाचा असतो. या संस्थेत तो केलेला नव्हता.

आता शंभर नावांच्या यादीचा हिशेब पाहू. एरवी एक संदेश वाहक कंपनीकडे रुजू होण्यास सेकंदाचा पाचवा भाग लागे, म्हणून सारी यादी वीस सेकंदांत संपे आणि मुदतीच्या आत वर्दी पोहोचे. परंतु महिन्याच्या आरंभी सगळ्याच संस्थांचे तगादे एकाच संध्याकाळी निघत असल्याने त्या दिवशी कंपनीचा दरवाजा मंद झाला, आणि एका संदेशास दोन पंचमांश सेकंद लागू लागले. तिसाव्या सेकंदाला पंचाहत्तर नावे झाली होती आणि पंचवीस बाकी होती. पहिला कार्यक्रम जिवंत होता, कामही नीट करीत होता, पण मुदत संपताच रांगेने ती यादी दुसऱ्याच्या हाती दिली आणि त्याने पहिल्या नावापासून आरंभ केला. चाळिसाव्या सेकंदाला पहिल्याने यादी संपवून वर्दी दिली आणि काम खोडले गेले. परंतु ते आता दुसऱ्याच्याही हातात होते, आणि त्यानेही आपली यादी प्रामाणिकपणे शेवटपर्यंत नेली. अशा रीतीने शंभरांपैकी प्रत्येकास दोन संदेश गेले, आणि ते बरोबर तीस सेकंदांच्या अंतराने. ज्या यादीस साठ सेकंदांहून अधिक वेळ लागला, तिच्या बाबतीत तिसराही कार्यक्रम कामाला लागला. पंचाहत्तरांहून कमी नावांच्या याद्या मात्र मुदतीच्या आत आटोपल्या आणि सुखरूप राहिल्या. हा दोष यंत्रणेत प्रथमपासूनच होता. शाखांतील कर्जदार वाढत गेले आणि एका संध्याकाळी वाहकाचा दरवाजा मंद झाला, तेव्हा तो बाहेर पडला.

कारण कळताच संस्थेच्या संगणक विभागाने मुदत तीस सेकंदांवरून पाच मिनिटांवर नेली. त्या रात्रीपुरता हा उपाय योग्य होता, परंतु त्यास दुरुस्ती म्हणता येत नाही. पाच मिनिटांत न संपणारी यादी पुढेमागे तयार होणारच, आणि तोवर खरोखरच एखादा कार्यक्रम बंद पडला, तर त्याने अर्धवट पाठवलेली यादी पाच मिनिटांनी दुसऱ्याकडे जाऊन पहिल्या नावांना पुन्हा संदेश जाणारच. मुदत वाढवल्याने दोष दुर्मिळ होतो, आणि दुर्मिळ झालेला दोष शोधावयास अधिक कठीण जातो.

खरी दुरुस्ती यादीच्या नव्हे, तर संदेशाच्या पातळीवर करावी लागते. काम कितीही वेळा हाती आले तरी परिणाम एकदाच घडावा, अशी योजना हवी. यालाच आमच्या व्यवसायात आयडेम्पोटंट योजना म्हणतात. प्रत्येक संदेशास एक ओळख द्यावयाची, ती संदेश पाठवण्यापूर्वी नोंदवहीत लिहावयाची, आणि तीच ओळख नोंदवहीने दुसऱ्यांदा स्वीकारू नये असे बंधन तिच्यावर घालावयाचे. पोस्टग्रेस या विदागारात हे एवढ्या थोड्या शब्दांत होते:

```sql
CREATE UNIQUE INDEX ON reminder_log (account_id, instalment_no, kind);

INSERT INTO reminder_log (account_id, instalment_no, kind, status)
VALUES ($1, $2, $3, 'started')
ON CONFLICT DO NOTHING;
```

या आज्ञेने एक ओळ लिहिली गेली, तरच संदेश पाठवावयाचा. एकही लिहिली गेली नाही, तर कोणीतरी आधीच तो हाती घेतला आहे असे समजून पुढच्या नावाकडे जावयाचे. दोन कार्यक्रम एकाच क्षणी आले तरी दोघांपैकी एकासच ओळ मिळते, कारण निवाडा नोंदवही करते. येथे सर्वांत विचारपूर्वक निवडावयाची वस्तू म्हणजे ती ओळख होय. खाते, हप्त्याचा क्रमांक आणि स्मरणाचा प्रकार, म्हणजे मुदतीपूर्वीचे की मुदत टळल्यानंतरचे, यांनी ती घडलेली आहे. पाठवणीची वेळ किंवा त्या त्या वेळी काढलेला यादृच्छिक अंक तिच्यात नाही. वेळ घातली असती, तर तीस सेकंदांनंतरचा प्रयत्न नोंदवहीस सर्वस्वी नवा वाटला असता आणि पहारा व्यर्थ गेला असता. ओळख हेतूची असावी, प्रयत्नाची नसावी, हे तत्त्व न पाळल्यामुळे केलेली दुरुस्ती फुकट गेल्याचे मी इतरत्र पाहिले आहे.

एवढ्याने सर्व काही साधले असे मात्र नाही, आणि दिलगिरीच्या पत्राशी या गोष्टीचा सरळ संबंध येतो. ओळख नोंदवून झाल्यावर आणि संदेश निघण्यापूर्वी कार्यक्रम बंद पडला, तर नोंद राहते पण संदेश जात नाही. उलट क्रम ठेवून आधी संदेश पाठवला आणि मग नोंद केली, तर मधल्या क्षणी बंद पडल्यास संदेश पुन्हा जातो. याहूनही अवघड स्थिती अशी की, संदेश वाहकाकडे सोडला आणि त्याची पोच येण्याच्या आत संपर्क तुटला. आता तो पोहोचला की नाही, हे पाठवणाऱ्यास कोणत्याही युक्तीने तत्काळ कळू शकत नाही. तुटू शकणाऱ्या मार्गाने कितीही निरोप व पोचपावत्या धाडल्या, तरी दोन्ही टोकांना एकमेकांविषयी पूर्ण निश्चिती येणे अशक्य आहे, हा विचार अक्कोयुनलू, एकनाथम् आणि ह्यूबर यांनी १९७५ साली मांडला, आणि जिम ग्रे यांनी १९७८ साली त्यास दोन सेनापतींचा पेच हे नाव दिले. डोंगरांवर तळ देऊन बसलेल्या दोन सेनापतींना एकाच वेळी हल्ला करावयाचा आहे, मधल्या दरीत शत्रू आहे, आणि जासूद पकडला जाण्याचा संभव आहे. शेवटचा निरोप पोहोचला की नाही हे तो धाडणाऱ्यास कधीच ठाऊक नसते. आमचे संदेश याच दरीतून जातात. फार काय, संस्थेच्या हातातून सुटल्यावर दूरध्वनी कंपनी आणि ग्राहकाचे यंत्र यांच्यामधील पोचपावती हरवली, तर कंपनी तोच संदेश पुन्हा देते, आणि त्यावर संस्थेच्या नोंदवहीचा काहीच अधिकार चालत नाही.

तेव्हा दोन उणिवांपैकी एक पत्करणे भाग होते, आणि संस्थेने नोंद आधी, संदेश नंतर हा क्रम पत्करला. दोनदा गेलेला तगादा परत बोलावता येत नाही. राहून गेलेला मात्र दुसऱ्या दिवशी पाठवता येतो. त्यासाठी 'आरंभ' या अवस्थेतच अडकलेल्या नोंदी दररोज रात्री वेगळ्या काढून वाहकाच्या वहीशी ताडून पाहण्याची तजवीज केली. प्रत्येक संदेशाबरोबर आपली ओळख वाहकाकडेही दिली जात असल्यामुळे ती त्याच्या वहीत सापडली तर 'रुजू' अशी नोंद करावयाची, न सापडली तर सकाळी कारकुनाने खाते पाहून संदेश सोडावयाचा.

पत्राचा मसुदा घेऊन मी व्यवस्थापकांकडे गेलो. त्यांनी तो दोनदा वाचला आणि शेवटच्या परिच्छेदावर बोट ठेवले.

"यापुढे असा प्रकार कधीही होणार नाही, असे एक वाक्य हवे," ते म्हणाले. "लोक तेवढेच वाचतात."

"साहेब, ते वाक्य आपल्या हातातले नाही," मी म्हणालो. "आपल्याकडून दुसरा संदेश निघणार नाही असे लिहू या. दूरध्वनी कंपनीच्या वाटेवर त्याचे दोन झाले, तर मात्र तुमचे वाक्य खोटे ठरेल, आणि लोक पुढचे पत्र वाचणार नाहीत."

"मग त्यांना धीर कसला द्यायचा?"

"पैशाचा. दोन संदेश आले तरी हप्ता एकच, आणि चुकून दोनदा भरला तर विचारल्याशिवाय रक्कम कोठेही वळती करणार नाही. हे सर्वस्वी तुमच्या अधिकारात आहे ना?"

त्यांनी काही वेळ विचार केला, वसुली विभागाच्या प्रमुखांस बोलावून घेतले, आणि तसा लेखी हुकूम काढल्यानंतरच ते वाक्य पत्रात घातले. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

पत्र कोणत्या मार्गाने जावे हाही प्रश्न होता. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमांप्रमाणे व्यापारी संदेशांचे नमुने आणि पाठवणाऱ्याचे नाव आगाऊ नोंदवावे लागते. संस्थेने तगाद्याचे नमुने नोंदवले होते, दिलगिरीचा एकही नव्हता. त्यामुळे संदेशाने त्या दिवशी काहीच कळवता येईना. शाखांच्या दारांवर पत्रक लागले, ज्यांनी दोनदा रक्कम भरली होती त्यांना शाखेतून दूरध्वनी गेले, आणि नमुन्यास अनुमती मिळाल्यावर मग छोटा संदेश निघाला. तो छोटाच ठेवणे भाग होते. देवनागरीतील एका संदेशात ७० चिन्हे मावतात, त्याहून लांब झाल्यास प्रत्येक तुकड्यात ६७, आणि काना, मात्रा व पायमोड्या हलन्त ही सारी स्वतंत्र मोजली जातात, म्हणून 'क्षमा' हा दोन अक्षरांचा शब्दही पाच जागा घेतो. संदेशात कोणताही दुवा घातला नाही, कारण ज्यांनी मूळ तगाद्यासच फसवणूक समजले होते त्यांना दुवा असलेली दिलगिरी अधिकच संशयास्पद वाटली असती. तो पाठवला गेला वाहकाच्या वहीत ज्यांच्या एकाहून अधिक ओळी होत्या तेवढ्यांनाच, आणि दुरुस्त केलेल्या मार्गाने, 'दिलगिरी' हा स्वतंत्र प्रकार ओळखीत घालून.

दारावर लागलेले पत्र पुढीलप्रमाणे होते.

'सप्रेम नमस्कार. ४ तारखेस संध्याकाळी आपणांस हप्त्याचे स्मरण दोनदा किंवा तीनदा आले असेल. आपला देय हप्ता एकच आहे. तो आपण भरला असल्यास आणखी काही करावयाचे नाही. तो दोनदा भरला गेला असल्यास जास्तीची रक्कम आपल्या नावे सुरक्षित आहे. ती परत हवी की पुढील हप्त्यात वळती करावी, हे आपणांस विचारूनच ठरवले जाईल. या गोंधळामुळे ज्यांनी मुदतीत हप्ता भरला नाही, त्यांचे या महिन्याचे विलंबशुल्क माफ केले आहे. त्यासाठी अर्ज करण्याचे कारण नाही.

झाले ते असे. मोठ्या शाखांची यादी पाठवण्यास त्या दिवशी नेहमीपेक्षा अधिक वेळ लागला. ठरल्या वेळेत काम संपले नाही असे पाहून आमच्या यंत्रणेने तीच यादी पुन्हा पाठवावयास घेतली, आणि आधी कोणाला संदेश गेला आहे हे तिने तपासले नाही. ही उणीव आमची होती. आता प्रत्येक स्मरण निघण्यापूर्वी नोंदवले जाते, आणि नोंद असलेले स्मरण आमच्याकडून पुन्हा निघत नाही. या पद्धतीत एखादे वेळी स्मरण एक दिवस उशिरा येऊ शकेल. दूरध्वनीच्या मार्गात तोच संदेश क्वचित पुन्हा पोहोचला, तरीही देय हप्ता एकच समजावा. आपणांस झालेल्या मनस्तापाबद्दल आम्ही मनःपूर्वक दिलगीर आहोत.'

'कोणाला संदेश गेला आहे हे तिने तपासले नाही' या वाक्यावर संचालकांच्या बैठकीत बरीच चर्चा झाली. ते गाळून वाहकाच्या मंदपणावर सारा भार टाकावा, असे काहींचे म्हणणे पडले. मी त्यांना शंभर नावांचा हिशेब मांडून दाखवला. वाहक मंद झाल्याने उशीर झाला, हे खरे. पण उशिराचे रूपांतर पुनरुक्तीत झाले ते आपल्या रचनेमुळे, आणि दुरुस्तीही आपण आपल्याच रचनेत केली आहे. कारण एकाचे आणि दुरुस्ती दुसऱ्याची असे पत्र लिहिले, तर ते नीट वाचणाऱ्यास विसंगती दिसल्याशिवाय राहणार नाही. वाक्य राहिले.

पुढील महिन्यात ४ तारखेच्या संध्याकाळी मोठ्या शाखेची यादी चालू असताना पाठवणीचा एक कार्यक्रम आम्ही मुद्दाम मध्येच बंद केला. मुदत संपल्यावर यादी दुसऱ्याने उचलली, आधी पाठवलेली नावे नोंदवहीच्या आधारे एकामागून एक सोडून दिली, आणि उरलेली पाठवली. रात्रीच्या ताळ्यात एकच नोंद 'आरंभ' अवस्थेत सापडली. कार्यक्रम बंद पडला त्या क्षणी हातात असलेले ते नाव होते. वाहकाच्या वहीत त्याची ओळख नव्हती. सकाळी कारकुनाने खाते पाहिले, तेव्हा हप्ता आदल्याच दिवशी भरलेला होता, म्हणून संदेश पाठवला नाही आणि त्या ओळीपुढे 'भरणा झाला, स्मरण रद्द' असा शेरा मारला.